पिंजऱ्यांतला उंदीर दूर सोडावा काय?

घरांत उंदीर झाले म्हणजे पिंजरा लावावयाचा, त्यांत खोबऱ्याचा तुकडा अडकवावयाचा आणि सकाळीं सांपडलेला प्राणी ओढ्यापलीकडे नेऊन सोडावयाचा, ही चाल पुष्कळ घरांतून दिसते. हत्या टळते व घरही निर्धास्त होतें, अशी तीमागील समजूत. आमच्या घरींही कित्येक वर्षें हेंच चालत असे. परंतु या दोहोंपैकीं एकही हेतु त्यानें साधत नाहीं, असें माझें आतां स्पष्ट मत झालें आहे.

गेल्या पावसाळ्यांत आमच्या कोठीच्या खोलींत एक उंदीर सांपडला. त्याचा डावा कान फाटलेला होता. शंभर पावलांवरील चिंचेखालीं त्यास सोडलें. तिसऱ्या रात्रीं तेच महाशय पुनः पिंजऱ्यांत हजर! यांत नवल नाहीं. घरांतला उंदीर बहुधा थोड्याशाच टापूंत वावरतो, आणि तेथील वाटा, भिंतींच्या कडा व बिळें त्यास वासानें व मिशांच्या स्पर्शानें पाठ असतात. मग त्यास तीन किलोमीटरांवर नेलें. तो परत आला नाहीं. परंतु आठ दिवसांतच दुसरे दोन उंदीर आले. मोरीजवळचें भोंक तेंच होतें व तांदुळाचें पोतेंही तेंच होतें. जागा रिकामी झाली, इतकेंच.

अमेरिकेंतील बाल्टिमोर शहरीं १९४० नंतरच्या दशकांत संशोधकांनीं हेंच पाहिलें. उंदीर नुसते कमी केले तर कांहीं महिन्यांनीं त्यांची संख्या पूर्ववत् होई. परसांतील कचरा व लपण्याच्या जागा काढल्या म्हणजे मात्र ती कमी राही.

आतां सोडलेल्या प्राण्याचें काय होतें, तें पाहूं. न्यूझीलंडमध्यें २००४ सालीं शास्त्रज्ञांनीं एका तपकिरी उंदराच्या गळ्यांत बिनतारी यंत्राचा पट्टा बांधून त्यास साडेनऊ हेक्टरांच्या एका ओसाड बेटावर मुद्दाम सोडलें. तेथें भांडावयास दुसरा उंदीर नव्हता. तरीही सुमारें चार आठवडे तो बेटभर भटकत राहिला. मग एका लहानशा भागांत रमल्यासारखा दिसला. परंतु दहा आठवड्यांनीं यंत्राचा संदेश बंद पडला, आणि पुढें तो सुमारें ४०० मीटर समुद्र पोहून शेजारच्या बेटावर गेल्याचें आढळलें. अठराव्या आठवड्यांत तो सांपडला. मोकळ्या बेटावर ही गत, तर आमच्या उंदरानें काय करावें? शेतांत त्यास ना बीळ ठाऊक, ना पळण्याची वाट. आधींचे उंदीर परक्यास चावून हांकलतात. घुबड, मुंगूस व मांजर टपलेलींच असतात. आपल्या डोळ्यांआड घडतें, म्हणून तें क्रौर्य नव्हे, असें कसें म्हणावें?

शिवाय सांपडलेली मादी असेल, तर तिचीं पिलें माळ्यावर मागें राहतात. जन्मतः तीं आंधळीं व उघडीं असतात. डोळे उघडण्यास सुमारें दोन आठवडे लागतात, आणि दूध सुटण्यास त्याहूनही अधिक. आमच्या माळ्यावरून दुर्गंधि आली, तेव्हां शोधल्यावर चिंध्यांच्या घरट्यांत सहा मेलेलीं पिलें निघालीं. एकास अभय दिल्याचें समाधान आम्हीं मानीत होतों. हीं सहा आमच्या हिशेबांत नव्हतींच.

मग करावें काय? प्रथम धान्य झांकणाच्या पत्र्याच्या डब्यांत ठेवावें व खरकटें रात्रीं उघडें टाकूं नये. नंतर दिसेल त्या भोंकांत कागदाचा बोळा सैल कोंबावा. बोळा बाहेर पडला, तर वाट चालू आहे असें समजावें. आंत उंदीर असतांना भोंक बुजवूं नये. तो कोंडून मरतो किंवा दुसरीकडे कुरतडतो. कांहीं दिवस बोळा जागचा हलला नाहीं, म्हणजे बारीक तारेची जाळी घालून वर सिमेंट लावावें. अर्ध्या इंचाची फटही लहान उंदरास पुरते, म्हणून दाराखालीं पत्र्याची पट्टी ठोकावी व छपरास टेकलेली फांदी छाटावी.

एवढें करूनही आंत राहिलेला उंदीर काढणें भागच पडलें, तर मान तत्काळ मोडणारा जोरदार चाप हा त्यांतल्या त्यांत कमी यातनेचा उपाय होय. पिंजरा पाण्यांत बुडविणें किंवा चिकट पट्टीवर त्यास तडफडत ठेवणें हें निंद्य होय. हें वाचून कित्येकांस वाईट वाटेल, मलाही वाटतें. परंतु मोरीचें भोंक बुजविल्यापासून आमचा पिंजरा माळ्यावर धूळ खात पडला आहे. उंदरावरची खरी दया ती हीच, असें मी समजतों.