या वयात कर्ज?

"ठेवीवर कर्ज काढ" असं म्हटलं की आमच्या पिढीच्या कपाळावर आठी येते. स्वतःच्याच पैशावर बँकेला व्याज कशाला द्यायचं? परवा वहिनीही हेच म्हणाली. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी तिला २ लाख हवे होते आणि ४ लाखांची ठेव मोडायला ती निघाली होती. ३ वर्षांची ठेव, दर ७ टक्के, मुदत संपायला फक्त ३ महिने!

मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. (मास्तरकी जात नाही.) ठेव मुदतीआधी मोडली की ७ टक्के विसरायचे. ठेव जितके दिवस राहिली, तेवढ्या मुदतीचा तेव्हाचा दर लागतो आणि त्यातूनही दंड कापतात. तिच्या बँकेत पावणेतीन वर्षांचा दर ६.८ होता, दंड १ टक्का. म्हणजे हाती ५.८. हा कमी दर पहिल्या दिवसापासून आणि पूर्ण ४ लाखांवर लागतो. सरळ व्याजाने धरलं तरी सुमारे १३,२०० रुपये गेले. लोकांच्या लक्षात येत नाही ते हेच, मागचं मिळालेलं व्याजही बँक परत घेते.

आता कर्ज. तिची बँक ठेवीच्या दरापेक्षा १ टक्का जास्त घेते, म्हणजे ८ टक्के. २ लाखांचं ३ महिन्यांचं व्याज ४,०००. पण त्याच काळात ठेवीतले ते २ लाख ३,५०० कमावतात. म्हणजे खिशातून गेले ५०० रुपये! मुदत संपली की बँक कर्ज वळतं करून उरलेले पैसे देते. ओव्हरड्राफ्ट घेतला तर जेवढे उचलले, तेवढ्यावरच आणि तेवढ्याच दिवसांचं व्याज.

मात्र कर्जच नेहमी बरं, असं मी म्हणणार नाही. ठेव दोनच महिन्यांपूर्वी ५ वर्षांसाठी ठेवली असेल आणि पैसे परत भरता येणार नसतील, तर मोडावी. तिथे बुडेल ते दोन महिन्यांचं व्याज, कर्जाचा १ टक्का मात्र पाच वर्षं चालू राहील. शिवाय तो १ टक्काही फसवा आहे. ठेवीच्या व्याजावर कर लागतो, आणि घरखर्चासाठी घेतलेल्या कर्जाच्या व्याजाची त्यात वजावट मिळत नाही. २० टक्के कर भरणाऱ्याला ७ चे ५.६ च उरतात, फरक २.४ चा होतो. म्हणून मी आधी विचारतो, पैसे परत कधी येणार? तारीख सांगता येत नसेल तर कर्जाच्या वाटेला जाऊ नये.

कर वाचवण्यासाठी ठेवलेली ५ वर्षांची ठेव असेल तर हा प्रश्नच नाही. ती मोडताही येत नाही आणि तारणही ठेवता येत नाही.

वहिनीच्या पावतीवर दादाचंही नाव आहे, त्यामुळे सही दोघांची लागली. ठेव मोडायलाही ती लागलीच असती म्हणा.