नोटीस एक लाखाची, पण तो तोटा नव्हे आणि मुदत म्हणजे सवलतही नव्हे

"आपल्या खात्यात मार्जिनची तूट रु. १,००,०००. कृपया आज दुपारी २ पर्यंत रक्कम जमा करावी, अन्यथा आपले सौदे कोणतीही पूर्वसूचना न देता बंद केले जातील. दंड व उर्वरित येणे आपल्या खात्यावर टाकले जाईल."

ब्रोकरकडून येणाऱ्या इंग्रजी मेसेजचा हा सरळ मराठी अर्थ. रक्कम, मुदत आणि परिणाम असे तीनच भाग. हिवरखेड, अकोट, तेल्हाऱ्याकडची बरीच पोरं आता ऑप्शन 'विकतात', त्यामुळे असे मेसेज मले दाखवायले येतात. प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो, "भाऊ, इतके पैसे टाकले का मी मोकळा ना?" नाही बाप्पा, मोकळा नाही. का नाही, तेच आज लिहितो.

उदाहरणाले ४ जून २०२४ घेऊ. लोकसभेच्या निकालाचा दिवस. आदल्या दिवशी निफ्टी २३,२६४ च्या आसपास बंद झाला होता. एक्झिट पोल पाहून सगळे खुशीत होते. ४ तारखेले तो २१,८८४ वर बंद झाला, जवळपास सहा टक्के खाली. दिवसभरातला तळ तर २१,२८१ चा होता. निफ्टीचे हे आकडे खरे आहेत. पुढचं खातं समजण्यासाठी मांडलेलं आहे, रकमा गोल केल्या आहेत.

समजा एका पोरानं ३ जूनले २२,५०० चा पुट विकला, ६ जूनच्या एक्स्पायरीचा, ९० रुपयांनी. निफ्टीचा लॉट तेव्हा २५ चा होता. चार लॉट म्हणजे १०० नग, हाती आले ९,००० रुपये. डोक्यातला हिशोब असा की बाजार तीन दिवसांत ७६४ पॉइंट पडणार नाही, मग हे नऊ हजार आपलेच. याले आपल्याकडं 'प्रीमियम खाणं' म्हणतात. कोणी कोणी घरभाड्याशी तुलना करते. मले ही तुलनाच पटत नाही. भाडेकरू फार तर भाडं बुडवेल, घराच्या किमतीच्या दहापट येणं तुमच्यावर काढणार नाही.

आता मार्जिन. विकणाऱ्याकडून एक्सचेंज जी रक्कम अडकवून ठेवते, तिचे ढोबळ तीन भाग असतात. पहिला, विकलेला ऑप्शन आज परत घ्यायचा झाला तर लागणारे पैसे. दुसरा, इथून पुढं एक वाईट दिवस आला तर किती बसेल त्याचा अंदाज. 'स्पॅन' नावाच्या पद्धतीत भाव आणि चढउताराच्या सोळा वेगवेगळ्या शक्यता लावून त्यातली सगळ्यात वाईट धरतात. तिसरा, निर्देशांकाच्या सौद्यावर एकूण किमतीच्या दोन टक्के जादा तरतूद, जिले एक्स्पोजर मार्जिन म्हणतात. आपल्या पोराचे ३ तारखेले हे तीन भाग झाले ९ हजार, १ लाख ३१ हजार आणि ४७ हजार. एकूण १ लाख ८७ हजार. खात्यात १ लाख रोख आणि तारण ठेवलेल्या शेअरचे, कपात करून धरलेले, १ लाख २० हजार. म्हणजे ३३ हजार शिल्लक. सगळं हिरवंगार.

४ तारखेले निफ्टी २१,९०० च्या आसपास आला आणि तोच पुट ७०० रुपयांवर गेला असं धरू. परत घ्यायचा खर्च ९ हजारावरून ७० हजार. पण खरा झटका दुसऱ्या भागाले बसतो. आदल्या दिवशी बाजार आणि त्याच्या पुटमध्ये ७६४ पॉइंटचं मोकळं रान होतं, पहिली पडझड त्या रानातच जिरली असती. आता रान संपलं. इथून पुढं पडणारा जवळजवळ प्रत्येक पॉइंट सरळ खिशातून जातो. म्हणून 'वाईट दिवसाचा' अंदाज १ लाख ३१ हजारावरून १ लाख ९४ हजार झाला. एक्स्पोजर ४४ हजार. एकूण गरज ३ लाख ८ हजार. आणि त्याच दिवशी तारणातले शेअरही पडले, १ लाख २० चे १ लाख ८ हजार राहिले. खात्यात २ लाख ८ हजार, लागतात ३ लाख ८ हजार. तूट एक लाख.

त्या क्षणी त्याचा तोटा मात्र ६१ हजार आहे. ९० ले विकला, ७०० झाला, फरक ६१० गुणिले १००. नोटीशीत हा ६१ हजाराचा आकडा कुठंच नसतो. त्यात असते तुटीचा एक लाख. त्यामुळं पोराले वाटते एक लाख बुडाले, किंवा एक लाख भरले की विषय संपला. दोन्ही चूक. ते एक लाख फक्त सौदा चालू ठेवायची रक्कम आहे. भरल्यावर बाजार अजून दोनशे पॉइंट पडला तर दुसरी नोटीस येते.

आता मुदतीचं. 'दुपारी २ पर्यंत' वाचून लोकं समजतात की २ वाजेपर्यंत आपल्या सौद्याले कोणी हात लावणार नाही. ही मुदत ब्रोकरनं त्याच्या धोरणाप्रमाणं दिलेली असते. विकणाऱ्यानं मार्जिन आगाऊच ठेवायचं असते, तूट भरायले काही दिवसांची सवड द्यावी असा एक्सचेंजचा नियम नाही. खाते उघडताना आपण 'धोरणे व कार्यपद्धती' नावाच्या कागदावर सही करतो (आता सही काय, ओटीपी टाकतो). कोणत्या परिस्थितीत ब्रोकर सौदा बंद करू शकतो ते त्यात लिहिलेलं असते. बऱ्याच ठिकाणी तोटा जमा रकमेच्या ठरावीक टक्क्यांवर गेला की मुदतीच्या आधीही बंद करता येईल असं कलम असते. ते पान उघडून पाहिलेला माणूस मले अजून भेटायचा आहे.

मुदतीत पैसे पोचवणंही आपल्याकडं सोपं नाही. ब्रोकर फक्त तुमच्या नावाच्या, त्याच्याकडं नोंदलेल्या बँक खात्यातूनच पैसे घेतो. अकोटच्या मित्रानं त्याच्या फोनवरून पाठवले तर ते जमा धरत नाहीत. चेक वटेपर्यंत मोजत नाहीत. कापसाचे पैसे ज्या बँकेत आहेत तिथं मोबाईल बँकिंग नसेल तर दुपारी २ म्हणजे कालच. आणि कोणी फोन करून "या नंबरवर टाका, मी तूट भरून घेतो" म्हणत असेल तर तो ब्रोकर नाही, चोर आहे.

परिणामांचा भाग लोकं सगळ्यात कमी वाचतात. तूट एक लाखाच्या वर किंवा लागणाऱ्या मार्जिनच्या दहा टक्क्यांच्या वर गेली की दंड रोज एक टक्का, त्याखाली अर्धा टक्का. इथं एक लाखावर दिवसाले १,००० रुपये. सलग तीन दिवसांच्या पुढं गेली तर पुढच्या प्रत्येक दिवसाले पाच टक्के. हा दंड एक्सचेंज ब्रोकरवर लावते, आणि आगाऊ मार्जिनच्या तुटीचा दंड त्याले सरसकट ग्राहकाच्या माथी मारता येत नाही. तुमचा चेक परत गेला किंवा तुम्ही स्वतः हेजचा एक पाय काढला, अशा ठिकाणी गोष्ट वेगळी. म्हणून लेजरमध्ये 'पेनल्टी' दिसली तर कशाची ते लेखी विचारा. ब्रोकर उत्तर देत नसेल तर सेबीचं 'स्कोर्स' पोर्टल आहे. पण तोटा झाला म्हणून केलेली तक्रार तिथं टिकत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आता सगळ्यात जिव्हारी लागणारी गोष्ट. ५ जूनले निफ्टी २२,६२० वर बंद झाला आणि ६ जूनले, एक्स्पायरीले, २२,८२१ वर. म्हणजे २२,५०० चा तो पुट शून्य झाला. पोराचा अंदाज बरोबर निघाला! ज्याच्याकडं तूट भरायले पैसे होते त्याचे ९,००० सही सलामत. ज्याचा सौदा ४ तारखेले ७०० रुपयांत कापला गेला त्याचे ६१ हजार गेले. आणि २१,२८१ च्या तळाशी कापला गेला असेल तर त्या पुटची किंमत कमीत कमी १,२१८ होती, म्हणजे १ लाख १२ हजाराच्या वर तोटा. अंदाज तोच, सौदा तोच. फरक एवढाच की त्या दुपारी कोणाच्या खात्यात किती रोख होती.

"म्हणजे पैसे भरून धरून ठेवायचं ना?" असं एकानं लगेच विचारलं. नाही रे. ६ तारखेले बाजार वर आला हे आपल्याले आज माहीत आहे, ४ तारखेले दुपारी कोणाले माहीत होतं? २१,२८१ वरून तो २०,५०० ले जाऊ शकला असता. बियाणं-खताचे, पोरीच्या फीचे पैसे त्या तुटीत टाकणं म्हणजे बुडत्या विहिरीत दुसरी मोटर सोडणं.

माझ्या मते नोटीस आली की पहिला विचार पैसे कुठून आणू हा नसावा, सौदा किती कमी करू हा असावा. वरच्या उदाहरणात चारपैकी दोन लॉट ७०० ले परत घेतले तर ३५ हजार जातात. खात्यात १ लाख ७३ हजार उरतात आणि गरज निम्मी, म्हणजे १ लाख ५४ हजार होते. तूट संपली, बाहेरून एक रुपया न आणता. तोटा घ्यावा लागला, पण किती घ्यायचा ते आपण ठरवलं, ब्रोकरच्या संगणकानं नाही. खालचा एखादा पुट विकत घेऊन हेज करायचाही मार्ग आहे. पण असल्या दिवशी तोही महाग असतो, आणि तो आधी घ्यायचा असतो, आग लागल्यावर नाही.

२० नोव्हेंबर २०२४ पासून अजून एक भर पडली आहे. एक्स्पायरीच्या दिवशी विकलेल्या निर्देशांक ऑप्शनवर दोन टक्के जादा मार्जिन लागते. म्हणजे बाजार जागचा हलला नाही तरी त्या सकाळी तूट येऊ शकते. लॉटही तेव्हाच्या २५ पेक्षा आता बराच मोठा आहे. सेबीच्याच अभ्यासात २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे-ऑप्शनमध्ये उतरलेल्या शंभरातल्या ९३ जणांचे पैसे गेले, एकूण १ लाख ८० हजार कोटींच्या वर. त्यात आपल्या भागातले किती ते कोणी मोजत नाही, कारण घरीच सांगत नाहीत.

ब्रोकर लोकांले माझी एक मागणी आहे. जाहिरात मराठीत येते, खाते उघडायचा फोन मराठीत येतो, मग तुटीची नोटीसच इंग्रजीत का? त्या मेसेजमध्ये दोन ओळी मराठीत टाका: 'आज सौदा बंद केल्यास आपला तोटा इतका' आणि 'इतके लॉट कमी केल्यास तूट संपेल'. दोन्ही आकडे तुमच्या संगणकात त्या क्षणी तयार असतात.

ज्यांले अशी नोटीस आली असेल त्यांनी क्लायंट कोड आणि नाव झाकून मले पाठवा. पाच-दहा जमा झाल्या की त्या घेऊन ही मागणी सेबीकडं लेखी करतो.