अम्मी-अब्बांना चार ओळी

आईवडिलांच्या निकाहाला पंचवीस, चाळीस, पन्नास वर्षं झाली की मुलं आमच्याकडे मजकूर पाठवतात आणि म्हणतात, जरा नीट करून द्या. सालगिरह पाळावी की नाही यावर घराघरांत मतं वेगळी आहेत, त्या वादात आम्ही शिरत नाही. पण शुभेच्छा द्यायचीच असेल तर ती कशी बिघडते, हे एवढ्या मजकुरांवरून आम्हाला चांगलंच कळलं आहे. दहापैकी आठ मजकूर 'आदरणीय अम्मी व अब्बा, आपण आमच्यासाठी' असे सुरू होतात. ज्या घरात अम्मीला 'तू' आणि अब्बांना 'तुम्ही' म्हणतात, तिथे एकदम 'आपण' आलं की समजावं, मुलगा घरात बोलत नाही, माईकसमोर उभा आहे.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका घराचं उदाहरण सांगतो. भावंडं तीन. थोरली मुलगी पुण्यात, मधला शारजाला, धाकटा मुंबईत. आईवडील गावी. पहिली अडचण तारखेचीच होती. अम्मी सांगायची, "रमजान ईदीनंतरचा दुसरा जुम्मा, आणि पाऊस म्हणजे कोसळत होता." निकाहनामा काढला तेव्हा १३ जुलै १९८४ निघाली. कोकणात ऐन पावसात लग्न कोणी धरत नाही, पण अब्बांची आखाती नोकरीतली रजा तेव्हाच मिळाली होती. हिजरी वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असतं. त्यामुळे जुलै २०२४ मध्ये इंग्रजी हिशेबाने चाळीस वर्षं भरली, तरी शव्वालच्या हिशेबाने एक्केचाळीस वर्षं त्याआधीच, एप्रिलमध्ये पूर्ण झाली होती. मुलांनी 'चाळीस' लिहिलं असतं आणि अम्मीने 'एक्केचाळीस' म्हटलं असतं, आणि दोघंही बरोबर ठरले असते. म्हणून लिहिण्याआधी निकाहनामा बघावा आणि घरातले वडीलधारे कोणता हिशेब धरतात तेही विचारून घ्यावं.

थोरलीने लिहिलेला पहिला मजकूर पान-दीड पानाचा होता. अब्बांनी एकोणीस वर्षं परदेशात काढली, अम्मीने एकटीने घर सांभाळलं, आम्हाला शिकवलं, तुमच्या त्यागाचं ऋण फिटणार नाही. यातला एकही शब्द खोटा नव्हता. तरी तो वाचताना आम्हाला एक गोष्ट खटकली. त्यात सगळीकडे 'आमच्यासाठी' होतं. अम्मी-अब्बांनी मुलांसाठी काय केलं, याचे आभार मानायला ईद आहे, मुलाची पहिली पगाराची पाकिटं आहेत, रोजची नमाज आहे. पालनपोषणाच्या मोबदल्यात त्यांच्यावर रहम कर, अशी दुआ कुरआनने मुलांना शिकवलीच आहे. निकाहाची सालगिरह मात्र त्या दोघांची असते. त्या दिवशी मुलं फक्त साक्षीदार. अम्मी आणि अब्बा यांच्यामध्ये आपण काय पाहिलं, तेवढं लिहावं.

आम्ही तिन्ही भावंडांना एकच प्रश्न विचारला: ते दोघं एकमेकांसाठी असं काय करतात, जे दुसऱ्या कोणासाठी करत नाहीत? थोरली म्हणाली, अब्बा खूप प्रेमळ आहेत. हे उत्तर उपयोगाचं नाही, कारण हे कोणत्याही घरात चालेल. धाकट्याने जरा विचार करून सांगितलं, "लाइट गेली की अब्बा जिथं असतील तिथून हाक मारतात, 'कुठं आहेस?' अम्मी स्वयंपाकघरातच असते, त्यांना माहीतही असतं. ती म्हणते, 'इथंच.' मग दोघंही गप्प." मधल्याने शारजाहून लगेच कळवलं, हो, अगदी हेच, आणि लहानपणी आम्हाला वाटायचं अब्बांना अंधाराची भीती वाटते.

मजकूर तिथेच मिळाला. पावसाळ्यात कोकणात लाइट किती वेळा जाते, हे वाचकांना सांगायला नको.

मग कापाकापी. एकोणीस वर्षांच्या नोकरीचा उल्लेख थोरलीला सोडवत नव्हता. आमचं मत पडलं की काढावा. त्या वर्षांचं दुःख अम्मीचं आहे, ते कधी आणि कोणापुढे बोलायचं हे तिने ठरवावं. शुभेच्छा नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरते, तिथे मामी-चाची सगळ्या वाचतात. त्याच कारणाने जुनी भांडणं, आजारपण, कर्ज, कोणी कोणाशी अबोला धरला होता, हे गमतीनेही लिहू नये. प्रेमाचे मोठे शब्दही नकोत. आपल्याकडे सत्तरीच्या माणसाला मुलांनी बायकोबद्दल तसलं काही लिहिलेलं वाचून पहिल्यांदा लाजच वाटते, आणि तो फोन खिशात घालून बाहेर निघून जातो. एक साधी कसोटी आहे. लिहिलेलं चहाचा कप हातात धरून, समोर बसलेल्या अम्मीला बघत म्हणून पाहावं. जे वाक्य तोंडातून निघत नाही ते काढावं. थोरलीने असं करून पाहिलं तेव्हा दीड पानातली पहिली बावीस वाक्यं गेली, असं तिनेच हसत सांगितलं.

शेवटी उरलं ते असं:

"अम्मी, अब्बा, अस्सलामु अलैकुम. आज चाळीस वर्षं झाली. (अम्मी, तुझ्या हिशेबाने एक्केचाळीस, मान्य.) लाइट गेली की अब्बा अजून विचारतात, कुठं आहेस, आणि अम्मी म्हणते, इथंच. पुण्यात आणि मुंबईत आम्हीही आता तसंच विचारतो. शारजात लाइट जात नाही, त्यामुळे भाईची पंचाईत आहे. अल्लाह तुम्हा दोघांना एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर ठेवो, आमीन. रविवारी येतोय. बिर्याणी करू नकोस, आम्ही घेऊन येऊ."

बघा, दुआ एकच आहे, आणि ती वरच्या गोष्टीतूनच निघाली आहे. दीर्घायुष्य, आरोग्य, बरकत, जन्नत असं सगळं एका श्वासात मागितलं की ऐकणाऱ्याला ते छापील वाटतं. शेवटचं वाक्य रोजच्या कामाचं आहे, तेही मुद्दाम ठेवलं. भाषणाच्या शेवटी टाळ्या असतात, घरच्या बोलण्याच्या शेवटी जेवणाची गोष्ट निघते.

पाठवण्याबद्दलही थोडं. अम्मीला मराठी वाचता येत नव्हतं, ती उर्दू वाचते. लिहिलेलं पाठवलं असतं तर अब्बांना मोठ्याने वाचून दाखवावं लागलं असतं, आणि 'कुठं आहेस'पाशी ते नक्की अडले असते. म्हणून थोरलीने आवाज रेकॉर्ड करून पाठवला, पस्तीस-चाळीस सेकंदांचा. रात्री बाराच्या ठोक्याला नाही, फज्रनंतर, कारण तेव्हा दोघंही जागे असतात आणि घरात शांतता असते. आधी फक्त दोघांना, नातेवाइकांच्या ग्रुपवर दुपारी, तेही अम्मीला विचारून.

ज्या घरात दोघांपैकी एकच उरलं आहे, तिथे हे सगळं लागू होत नाही. तिथे तारीख लक्षात आहे एवढं कळू द्यावं, आणि मेसेजऐवजी फोन करावा, जमलं तर स्वतः जावं.

त्या घरी सकाळी सातला अब्बांचं उत्तर आलं. टाइप केलेलं, एकाच ओळीचं: "बिर्याणी आणू नका, तुमच्या अम्मीने मटण सांगून ठेवलंय."