विरामाचा पूर्णविराम

बोललेले शब्द आपोआप लिहून देणारी यंत्रणा आता शिक्षकांच्या, कारकुनांच्या आणि विद्यार्थ्यांच्या रोजच्या वापरात आली आहे. तिच्या चुकांची चर्चा होते ती बहुधा शब्दांच्या अशुद्धतेपुरती. परंतु चुकीचा शब्द निदान डोळ्यांना खटकतो. जो शब्द लिहिलाच गेला नाही तो खटकत नाही, आणि म्हणूनच तो अधिक घातक ठरतो.

असे का होते, हे पाहू. ध्वनी आत येताच यंत्रणा त्याचे लहान तुकडे पाडते. एक तुकडा सेकंदाच्या पन्नासाव्या भागाएवढा आहे असे धरू. प्रत्येक तुकड्यात वाणी आहे की शांतता, एवढाच निर्णय ती प्रथम करते. शांततेचे ठरावीक तुकडे सलग आले, की बोलणे संपले असे मानून ती ध्वनिमार्ग बंद करते. या क्रियेस एंडपॉइंटिंग म्हणतात. ही मर्यादा चाळीस तुकड्यांची असेल, तर 0.8 सेकंदाचे मौन म्हणजे वक्त्याचे भाषण समाप्त!

आता एक कल्पित उदाहरण घेऊ. एखाद्या समितीचे सचिव इतिवृत्त सांगत आहेत : 'परीक्षा शुल्कात वाढ करावी', येथे ते कागदाकडे पाहण्यासाठी 1.2 सेकंद थांबतात, आणि पुढे म्हणतात, 'असे या समितीचे मत नाही.' यंत्रणेने 0.8 सेकंदालाच दार लावून घेतलेले असते. सचिव पुन्हा बोलू लागतात ते त्यानंतर 0.4 सेकंदाने. कागदावर उरते ते एवढेच : 'परीक्षा शुल्कात वाढ करावी.' वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. अर्थ मात्र नेमका उलटा झाला आहे. मराठीत क्रियापद आणि नकार बहुधा वाक्याच्या शेवटी येतात. साहजिकच शेपूट तुटण्याची सर्वांत मोठी किंमत आपल्याच वाक्यरचनेस मोजावी लागते. केवळ शांतता न मोजता वाक्य पूर्ण झाले की नाही हेही पाहणाऱ्या यंत्रणा आता आहेत, हे खरे. पण वरील वाक्य त्यांनाही पूर्णच वाटण्याचा संभव आहे.

मग ही मर्यादा एवढी आखूड का ठेवतात? येथे प्रश्न अर्थशास्त्राचा होतो. उत्तर देणाऱ्या यंत्रास विलंब परवडत नाही. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या, दहा भाषांतील संवादांच्या एका अभ्यासात, प्रश्न आणि उत्तर यांमधील सरासरी अंतर सुमारे 0.2 सेकंद आढळले होते. दिवा लावण्याची आज्ञा देणाऱ्यास दोन सेकंदांची प्रतीक्षा जाचक वाटते. परंतु मजकूर सांगणाऱ्यास उत्तर नकोच असते. त्याच्या दृष्टीने विलंबाची किंमत जवळजवळ शून्य, आणि तुटलेल्या वाक्याची किंमत फार मोठी. आज्ञेसाठी बेतलेले माप मजकुरास लावले, की तत्परतेचा लाभ यंत्र बनविणाऱ्याच्या पदरात पडतो आणि नुकसान बोलणाऱ्याच्या माथी येते. त्यातही अडखळत बोलणारे, वृद्ध, किंवा आजारामुळे वाणी मंदावलेले यांच्यावर हा भार सर्वांत जड पडतो.

मर्यादा वाढविली की सारे सुरळीत होईल, असेही नाही. पंख्याची घरघर किंवा शेजारच्या वर्गातील बोलणे यांस यंत्रणा वाणी समजली, तर तिला शांतता कधी सापडतच नाही आणि ध्वनिमार्ग उघडाच राहतो. म्हणून एकच माप सर्वांवर लादण्याऐवजी ते वापरणाऱ्याच्या हाती द्यावे, हे उचित. अॅपलने आयफोनवरील आपल्या सहायकासाठी, तो किती वेळ थांबेल हे निवडण्याची सोय केली आहे. उलट, ब्राउझरमधील वाक्-ओळखीच्या प्रमाणित व्यवस्थेत `continuous` हा गुण मुळातच `false` असतो. म्हणजे एक उच्चार झाला की काम संपले. तो बदलणे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या हाती असते, बोलणाऱ्याच्या नव्हे.

तोवर कार्यालयांनी आणि महाविद्यालयांनी एक साधा नियम पाळावा. आधी ध्वनिमुद्रण पूर्ण करावे, ते जपून ठेवावे आणि मगच त्याचे लेखन करवून घ्यावे. लेखनातील शेवटच्या शब्दाची वेळ मुद्रणाच्या एकूण कालावधीशी ताडून पाहावी. मुद्रण दहा मिनिटांचे आणि शेवटचा शब्द सातव्या मिनिटाचा असेल, तर उरलेली तीन मिनिटे कानांनी ऐकल्यावाचून त्या कागदावर कोणी स्वाक्षरी करू नये. जेथे मुद्रणच ठेवलेले नाही, तेथे हा पडताळा घेता येणार नाही. अशा लेखनास इतिवृत्ताचा दर्जा देणे धोक्याचे होय.