फोटोतला की-बोर्ड

जुना की-बोर्ड विकत घेताना रंग आणि पट्ट्यांची संख्या पाहून त्याचे मॉडेल ठरवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पाच सप्तकांच्या ६१ पट्ट्या यामाहाच्या साध्या की-बोर्डालाही असतात आणि त्याच्या दुप्पट किमतीच्यालाही. फोटोत दोन्ही सख्खे भाऊ दिसतात.

आमच्या मेहकर तालुक्यातील गावी माझा आतेभाऊ भजनी मंडळात टाळ वाजवतो. त्याला आता की-बोर्ड शिकायचा आहे. खामगावच्या एका विक्रेत्याने त्याला मोबाईलवर फोटो पाठवला आणि 'हा भारतीय स्वरांचा मोठा, आय-५००' असे सांगितले. नावाच्या जागी नेमका उजेड चमकत होता.

अशा वेळी प्रथम पट्ट्यांच्या डाव्या टोकाला पाहावे. आय-५०० ला तेथे एक छोटे चाक असते. ते फिरवले की स्वर वर किंवा खाली सरकतो. मींडेसाठी त्याचा उपयोग. त्याच्या पॅनेलवर रियाजाचे बटणही असते. मात्र आधी अक्षरे सरळ वाचता येतात ना, हे पाहून घ्यावे. कधी कधी मोबाईल फोटो उलटा करतो आणि मग डावे उजवीकडे जाते. आमच्या फोटोत अक्षरे सरळ होती, पण चाक नव्हते. एवढ्यावरच आय-५०० बाद झाला. ई-४६३ लाही चाक असते, म्हणून तोही बाद.

उरले बिनचाकाचे ई-३६३ आणि ई-२६३. येथे समोरचा फोटो फारसा कामाचा नाही, मागचाच मागवावा. ई-३६३ ला मागे संगणकाची तार जोडण्याचे चौकोनी यूएसबी छिद्र असते, ई-२६३ ला ते नसते. आता कोणी म्हणेल, शिकाऊ मुलाला संगणक कशाला हवा? खरे आहे, पण ते छिद्र ही एक खूण आहे. ई-३६३ ची पट्टी हळू दाबली तर हळू वाजते, जोरात दाबली तर जोरात. ई-२६३ ची कशीही दाबा, आवाज तेवढाच. पेटीवाला निदान भात्याने आवाज कमीजास्त करतो. येथे तीही सोय नाही. अशा यंत्रावर दोन वर्षे बसलेली बोटे पुढे चांगल्या की-बोर्डावर अडखळतात, म्हणून 'शिकायला काहीही चालते' हे मला पटत नाही.

मागचा फोटो आला, त्यात चौकोनी छिद्र नव्हते. तो ई-२६३ आहे की त्याच्या नंतरचा ई-२७३, हे छिद्रांवरून कळत नाही. त्यासाठी तळाची पट्टी वाचावी लागते. पट्ट्या झिजल्या आहेत का, हे तर कोणताच फोटो सांगत नाही. आतेभावाने तळाचा फोटो मागितला आणि किंमत ई-२६३ च्या हिशोबाने सांगितली. विक्रेत्याचे उत्तर अजून आलेले नाही.