हॉटेलातले वाया अन्न आणि वजनकाटा

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४च्या अहवालानुसार २०२२ साली जगभरात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले. त्यातला २८ टक्के वाटा हॉटेले, खानावळी, कॅन्टीन यांचा होता. मालकाला विचारावे तर तो गिऱ्हाइकाच्या उष्ट्या ताटाकडे बोट दाखवतो. ते खरे की खोटे, हे काटा लावल्याशिवाय कळत नाही.

पद्धत साधी आहे. साठवणीत खराब झालेले, निवडण्या-सोलण्यात गेलेले, शिजवून न वाढलेले आणि ताटातले उष्टे, अशा चार बादल्या ठेवायच्या. शनिवार-रविवार धरून सलग सात दिवस त्या वजन करूनच रिकाम्या करायच्या. रिकाम्या बादलीचे वजन वजा करायचे आणि त्या दिवशी किती थाळ्या गेल्या तेही लिहायचे. पहिल्या एक-दोन दिवसांचे आकडे मात्र जपून वापरावेत. काटा दिसला की आचारीही हात आखडता घेतो!

समजा, एका थाळीच्या हॉटेलात आठवड्याला १,४०० थाळ्या गेल्या आणि १६८ किलो अन्न बादलीत पडले. म्हणजे थाळीमागे १२० ग्रॅम. त्यात साठवणीतले ८, सोलण्यातले ६०, न वाढलेले ४४ आणि उष्टे ५६ किलो. सोलण्याची बादली सर्वांत जड. पण तिच्यात बहुतेक साली आणि देठ, तिथे फारसे पैसे नाहीत. न वाढलेल्या ४४ किलोंत भात ३० किलो आणि पनीरची भाजी ८ किलो. तांदूळ शिजल्यावर जवळजवळ तिप्पट भरतो, म्हणजे मूळ तांदूळ दहा-अकरा किलो. साठ रुपये भावाने नुकसान साडेसहाशेच्या आसपास. पनीरच्या भाजीचा कच्चा माल किलोला दोनशे धरला, तरी सोळाशे रुपये. नुसत्या वजनावर विसंबले तर नेमके हेच निसटते.

पनीरवर उपाय म्हणजे रस्सा आणि पनीर वेगळे, थंड ठेवून मागणी आल्यावरच एकत्र करणे. भाताचा प्रश्न मात्र पैशांपुरता नाही. दुपारी उरलेला भात पातेल्यात तसाच ठेवून सकाळी फोडणीला टाकणे, ही अनेक ठिकाणची ‘काटकसर’. बॅसिलस सेरियस या जंतूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. कोमट भातात ते वाढतात आणि त्यांचे उलट्या घडवणारे विष पुन्हा गरम केल्याने नष्ट होत नाही. शिजवलेले अन्न म्हणूनच साठ अंशांच्या वर किंवा पाच अंशांच्या खाली ठेवायचे असते. त्यामुळे भाताची बचत चुलीवर चढण्याआधीच करावी लागते. एका मोठ्या पातेल्याऐवजी तीन लहान घाण्या काढायच्या आणि शेवटची गर्दी बघूनच लावायची. महिनाभराने तोच काटा पुन्हा आठवडाभर लावला आणि थाळीमागचे ग्रॅम ताडून पाहिले, की फरक किती पडला ते कळते.