नऊ क्यूबिटांचा पहारा

दसऱ्यात म्हैसूरचा राजवाडा जवळपास लाखभर दिव्यांनी उजळून निघतो. यातल्या प्रत्येक दिव्याच्या अवस्था दोनच, पेटलेला किंवा विझलेला. आपला नेहमीचा संगणकही असाच चालतो. पेटलेला म्हणजे १, विझलेला म्हणजे ०. समजा, एका दिव्यावर एखादी खूण ठेवायची आहे आणि तो दगा देईल अशी भीती आहे. मग त्या जागी तीन दिवे लावावेत. दोन पेटलेले आणि एक विझलेला दिसला, तर बहुमत पेटलेल्यांचे. बिघडलेला कोण, हे लगेच कळते.

क्वांटम संगणकातील ‘क्यूबिट’ मात्र ० आणि १ यांचे मिश्रण एकाच वेळी सांभाळतो. त्याची हुबेहूब नक्कल करता येत नाही, आणि त्याच्यात डोकावून पाहिले की मिश्रणच मोडते. मग बहुमत घ्यायचे कसे? त्यासाठी तीन क्यूबिट एकमेकांत असे गुंफतात, की मिश्रणातील ० च्या जागी ००० येते आणि १ च्या जागी १११. त्यानंतर दोनच प्रश्न विचारायचे. पहिला व दुसरा सारखे आहेत का? दुसरा व तिसरा सारखे आहेत का? ‘सारखे’ किंवा ‘वेगळे’ एवढ्या उत्तरांवरून उलटलेला क्यूबिट सापडतो आणि आतले मिश्रण झाकलेलेच राहते.

इथवर सारे ठीक. पण क्यूबिटला आणखी एक आजार जडतो. शेजारी शेजारी दोन झोपाळे आहेत अशी कल्पना करा. दोन्ही एकाच वेळी पुढे जातात, किंवा एक पुढे जाताना दुसरा मागे येतो. क्यूबिटातील ० आणि १ या भागांमध्येही असाच मेळ असतो. त्याला कला किंवा ‘फेज’ म्हणतात. हा मेळ उलटला तर ००० हे ०००च राहते, १११ हे १११च. फक्त त्यांच्यामधल्या अधिक चिन्हाचे उणे होते. वरच्या दोन्ही प्रश्नांना ‘सारखे’ हेच उत्तर येते आणि पहारेकरी निर्धास्त झोपतो.

उलट धोका वाढतो. प्रत्येक क्यूबिट बिघडण्याची शक्यता शंभरात एक धरली, तर ०-१ ची उलटापालट पचवून हुकण्याचे प्रमाण दहा हजारांत सुमारे तीन इतके खाली येते. पण तिघांपैकी कोणाचीही कला उलटली तरी सगळी माहिती नासते, म्हणून ती चूक शंभरात एकाऐवजी जवळजवळ तीनदा घडते.

यातून वाट काढली ती अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या पीटर शॉर यांनी, १९९५ साली. त्यांनी पहाऱ्यावर पहारा बसवला. तीन-तीन क्यूबिटांचे तीन गट केले. प्रत्येक गटात ००० आणि १११ यांचे मिश्रण, आणि त्यांच्यामध्ये अधिक किंवा उणे चिन्ह. मूळ माहितीतील ० साठी तिन्ही गटांत अधिक, १ साठी तिन्ही गटांत उणे. म्हणजे गटाच्या आत अंकांचे बहुमत आणि गटागटांत चिन्हांचे बहुमत!

आता पाचव्या क्यूबिटला दोन्ही आजार एकदम झाले असे धरू. चार, पाच, सहा हा दुसरा गट. चौथा-पाचवा ‘वेगळे’, पाचवा-सहावा ‘वेगळे’. म्हणजे पाचवा उलटला. त्याला पुन्हा उलटवून जागेवर आणायचे. मग गटांची चिन्हे ताडून पाहायची. पहिला-दुसरा गट ‘वेगळे’, दुसरा-तिसरा गट ‘वेगळे’. म्हणजे दुसऱ्या गटाचे चिन्ह बिघडले. ते नेमके कोणामुळे, हे शोधायची गरजच नाही. गटातील कोणत्याही एका क्यूबिटची कला उलटवली की चिन्ह मूळपदावर येते. अंकांच्या सहा आणि चिन्हांच्या दोन, अशा आठ तुलनांत काम भागते. चूक अर्धवट झाली असेल, तरी तुलना करताक्षणी ती ‘झाली’ किंवा ‘झालीच नाही’ यांपैकी एका बाजूला पडते, म्हणून तीही दुरुस्त होते.

या पहाऱ्यालाही मर्यादा आहे. एकाच गटातले दोन क्यूबिट एकदम उलटले, तर बहुमत चुकीच्या बाजूला जाते. मग निर्दोष तिसऱ्यालाच उलटवले जाते आणि माहिती बिघडते, तरी पुढच्या साऱ्या तुलना ‘सारखे’च सांगतात. दोन वेगळ्या गटांची चिन्हे एकदम बिघडली, तरी हीच गत. म्हणून दुसरी चूक घडण्यापूर्वी पहिली सापडायला हवी आणि तपासणी पुन्हा पुन्हा व्हायला हवी.

ऑगस्ट २०२४ मध्ये डीआरडीओची पुण्यातील प्रयोगशाळा आणि मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी सहा क्यूबिटांच्या प्रोसेसरची चाचणी पूर्ण केली. शॉर यांच्या हिशेबाने एकच क्यूबिट दोन्ही आजारांपासून सांभाळायला नऊ लागतात. सहांत तो एकही बसत नाही.